दमट हवेत आंबोशी वाळवताना बुरशी टाळायची तर रात्र सांभाळा

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. त्यांच्या लेखी कैरीच्या फोडी दोन दिवस कडक उन्हात टाकल्या की आंबोशी तयार. साताऱ्यात होतही असेल. ऐरोलीत खाडीवरून वारा येतो, इथे नाही होत. पहिल्या वर्षी तीन किलो कैऱ्यांच्या फोडी मी कचऱ्यात टाकल्या आहेत, त्यामुळे 'भरपूर ऊन द्या' एवढाच सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. ऊन आपल्याकडे मुबलक आहे. घोळ होतो तो सूर्य मावळल्यावर.

वेळ म्हणजे एप्रिल ते मेचा मध्य. नंतर ढग येऊ लागतात, तेव्हा नाद सोडा. कैऱ्या कडक, आंबट घ्या. सालं काढा आणि फोडी तीन-चार मिलिमीटरच्या करा. जाड फोड बाहेरून कडक होते, आत ओली राहते आणि पुढे बुरशी आतूनच धरते. किलोभर फोडींना दोन चमचे मीठ आणि चिमूटभर हळद चोळून पाच-सहा तास ठेवा. सुटलेलं पाणी निथळून आमटीला वापरा.

वाळवण जाळीवर किंवा बाजेवर सुती कापड अंथरून घाला. प्लास्टिकच्या कागदावर फोडींची खालची बाजू घामेजते. वरून मलमलचं कापड टाका, नाहीतर कबुतरं आहेतच. सकाळी सातला नेण्याची घाई नको, तेव्हा हवा दमटच असते. साडेनऊला टाका, दुपारी उलटा आणि साडेचारला आत घ्या.

आता रात्र. इथे रात्रीची आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. आणि आर्द्रता पंचाहत्तरच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणजे दिवसा फोडींतलं पाणी बाहेर काढणारं मीठ रात्री तेच पाणी परत आणतं. गच्चीवर रात्रभर राहिलेलं वाळवण सकाळी हाताला चिकट लागतं ते यामुळे. दिवसभराची मेहनत मग पुन्हा शून्यावर.

पण म्हणून पहिल्याच संध्याकाळी डब्यात कोंबायचं नाही. माझी चूक हीच होती. ऊन खाल्लेल्या गरम फोडी थेट स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं. सकाळी झाकणाच्या आतून थेंब लोंबत होते. तिसऱ्या दिवशी पांढरा कापूस.

नियम असा लक्षात ठेवा: फोड हवेपेक्षा ओली असेल तर तिला वारा द्या, हवेपेक्षा कोरडी झाली की वाऱ्यापासून वाचवा. पहिल्या दोन रात्री फोडी घरात पंख्याखाली एका थरात पसराव्या. त्या इतक्या ओल्या असतात की दमट हवेतही थोडं पाणी सोडतातच. तिसऱ्या दिवशी फोड चामड्यासारखी वाकते आणि दाबली तरी बोटाला ओल लागत नाही. त्या संध्याकाळपासून सावलीत पंधरा-वीस मिनिटं गार करायच्या आणि लगेच डबाबंद. त्याहून जास्त उघड्या ठेवल्या तर परत ओल धरतात. सकाळी डब्याच्या आत ओल दिसली, तर आदल्या रात्री पंखाच हवा होता असं समजा.

अंदाजावर न जाता वजन करा. गेल्या वर्षी माझ्या किलोभर कैऱ्यांच्या सातशे ग्रॅम फोडी निघाल्या. पाचव्या दिवशी वजन सव्वाशेच्या आसपास आलं आणि दोन दिवस त्यातच राहिलं. वजन उतरायचं थांबलं आणि फोड वाकवल्यावर मोडली, तर काम झालं. मध्येच ढग आले तर वाट बघू नका. ओव्हन साठ-सत्तर अंशांवर लावा आणि दार बोटभर उघडं ठेवून फोडी त्यात वाळवा.

सगळ्या फोडी सारख्या कोरड्या नसतात. म्हणून काचेची बरणी पाऊण भरून आठवडाभर रोज हलवायची. काचेवर वाफ दिसली तर पुन्हा ऊन.

फोडीवर पांढरं दिसलं की बायका घाबरतात. मिठाचे कण चमकतात, नखाला कडक लागतात आणि थेंबभर पाण्यात विरघळतात. बुरशी मऊ, केसाळ असते आणि तिला कुबट वास येतो. ती दिसली तर फक्त तेवढी फोड काढून भागत नाही, अख्खी बरणी टाकायची.

मोठ्या बरणीत सगळं भरू नका. पावसाळ्यात दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते. मी शंभर-शंभर ग्रॅमच्या बाटल्या करते आणि एक संपल्याशिवाय दुसरी उघडत नाही.