बॉट परक्या भाषेत आहे? माणसापर्यंत पोहोचताना या चुका टाळा

सपोर्टचा चॅट फक्त परक्या भाषेत उघडला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सगळी तक्रार भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतात आणि आलेला भलामोठा परिच्छेद चॅटमध्ये चिकटवतात. गाडं तिथेच अडतं. बरेच बॉट हकीकत वाचत नाहीत, तिच्यात ओळखीचे शब्द शोधतात. परिच्छेदात बॅग, तिकीट आणि पैसे परत असे तीन विषय आले, तर त्यातला एक उचलून भलत्याच मदतपानाची लिंक हातात देतात.

समजा, विमान कंपनीचा चॅट फक्त स्पॅनिशमध्ये आहे आणि तुमची बॅग आलेली नाही. सुरुवातीला एकच शब्द टाइप करा: `agente`, म्हणजे एजंट. बॉटने `No entendí` म्हटलं, म्हणजे त्याला कळलं नाही, तर `hablar con un agente`, म्हणजे ‘एजंटशी बोलायचंय’, असं लिहा. काही बॉट दोन-तीन वेळा न कळल्यावरच माणसाचं बटण दाखवतात, म्हणून पहिल्या नकाराला चॅट बंद करू नका. त्याने आधी विषय विचारलाच तर `Equipaje`, म्हणजे सामान, निवडा. तक्रारीचा तपशील इतक्यात नको, तो माणसासाठी राखून ठेवा.

ब्राउझरच्या भाषांतरावर विसंबण्यातही एक गोची आहे. पान मराठीत दिसतं, बटणावर ‘इतर’ असं येतं, आणि आपण चॅटमध्ये ‘इतर’ टाइप करतो. बॉटकडे मात्र त्या बटणाचं नाव अजून `Otro` हेच आहे. त्यामुळे बटण असेल तिथे बटणच दाबा. टाइप करायचं तर मूळ भाषेतला शब्द. कधी कधी बाकीचं पान बदलतं आणि चॅटची चौकट तशीच राहते, कारण ती पानात वेगळी बसवलेली असते. तेव्हा स्क्रीनशॉट काढून त्याचं भाषांतर करा.

कंपनीला फोन केल्यावर ऐकू येणाऱ्या मेन्यूत सर्वात मोठी चूक घाईची. भाषा बदलायचा पर्याय असलाच तर तो बहुधा अगदी सुरुवातीला येतो, आणि पुष्कळदा त्या दुसऱ्या भाषेतच बोलला जातो. आपण परके शब्द ऐकून गडबडतो, कुठला तरी आकडा दाबतो आणि तो पर्याय मागे पडतो. पहिली घोषणा शेवटपर्यंत ऐका. शून्य दाबण्याची युक्ती काही ठिकाणी चालते, पण सरसकट नाही. जिथे शून्य हा चुकीचा आकडा धरला जातो, तिथे तो पुन्हा पुन्हा दाबला की कॉल कटतो. एकदा दाबून पाहा. मेन्यू पहिल्यापासून सुरू झाला तर तो नाद सोडा.

काही मेन्यू आकडे मागत नाहीत, बोलायला सांगतात. घोषणेत आकडे येत नाहीत, प्रश्न येतो आणि मग शांतता, यावरून ते ओळखता येतं. अशा वेळी स्पीकर लावून शेजारच्याला ‘अगं, हा काय म्हणतोय?’ असं विचारलंत, तर यंत्र तेच तुमचं उत्तर समजतं आणि ‘कळलं नाही’ मोजत राहतं. मायक्रोफोन बंद ठेवा आणि तो फक्त `agente` हा एक शब्द म्हणण्यापुरता उघडा. बोलणं समजून घ्यायला दुसऱ्या फोनवर त्या भाषेचं बोललेलं लिहून दाखवणारं ॲप चालू ठेवा. पहिला कॉल नुसता मेन्यू टिपून घेण्यात गेला तरी चालेल.

माणूस लवकर मिळतो म्हणून नवीन खरेदीचा पर्याय दाबू नका. तिथे फोन पटकन उचलतात हे खरं, पण तुमची तक्रार बहुधा त्यांच्या अखत्यारीत नसते. ते कॉल पुढे ढकलतात आणि तुम्ही पुन्हा रांगेत.

चॅट आणि फोन दोन्ही असतील तर मी डोळे झाकून चॅट घेईन, कारण चिकटवलेलं भाषांतर माणसाला नीट वाचता येतं. मात्र एजंट आला की आपण भाषांतर करत बसतो आणि उत्तर नाही म्हणून चॅट आपोआप बंद होतो. म्हणून पहिला संदेश आधीच तयार ठेवा:

```
Uso un traductor, tardo un poco.
Mi maleta no llegó.
```

म्हणजे ‘मी भाषांतराचं ॲप वापरतोय, थोडा वेळ लागतो; माझी बॅग आली नाही.’ त्याखाली विमानतळावर मिळालेला तक्रार क्रमांक द्या: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पाच आकडे, असा तो सहसा असतो. तो दिला की निम्मे प्रश्न टळतात. वाक्यं छोटी लिहा. जोडवाक्याच्या भाषांतरात ‘आली’ची ‘आली नाही’ व्हायला वेळ लागत नाही.

संपर्काचा नंबर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ॲपमधूनच घ्या. सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर कोणी लगेच तुमच्या भाषेत बोलू लागला आणि ओटीपी किंवा स्क्रीन शेअर करायला सांगू लागला, तर फोन ठेवून द्या.