अरबी सहकाऱ्यांना भेटताना आणि निरोप घेताना काय म्हणावं

मस्कत, दोहा किंवा दुबईच्या ऑफिसात रुजू होणाऱ्याला पहिल्या दिवशी फार अरबी लागत नाही. एक अभिवादन आणि एक निरोप पुरतो. मात्र ही दोन्ही वाक्यं जोडीनं बोलली जातात. एक जण म्हणतो, दुसरा ठरलेलं उत्तर देतो. त्यामुळे दोन्ही बाजू पाठ हव्यात, नाहीतर समोरचा बोलतो आणि आपण नुसते हसत राहतो.

अभिवादन आहे 'अस्सलामु अलैकुम'. आधी ते सावकाश म्हणून पाहा: अस्-स-ला-मु अ-लै-कुम. 'स' दुहेरी आहे, त्यावर क्षणभर थांबायचं. 'ला' लांब, 'मु' अगदी आखूड. 'लै' मात्र मराठीत म्हणतो तसाच 'लइ' म्हणायचा, हिंदीतल्या 'है'सारखा पसरट नको. इथे आपला उच्चार अरबीच्या जवळ जातो. 'अलैकुम'चा पहिला 'अ' अरबीत घशातून येतो. तो लगेच जमणार नाही आणि त्यावाचून अडतही नाही. साधा 'अ' सगळ्यांना कळतो.

चूक होते ती दुसरीकडे. सिनेमांमुळे आपल्या तोंडी 'सलाम वालेकुम' बसलेलं असतं. यातला 'वा' उत्तराचा आहे. उत्तर असतं 'व अलैकुमुस्सलाम', म्हणजे तेच शब्द उलट क्रमानं आणि आधी 'व'. सुरुवात करताना 'व' नाही, उत्तर देताना 'व' हवाच, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ मिटतो. समोर एक माणूस असो वा दहा, पुरुष असो वा बाई, 'कुम' बदलत नाही. नवख्यासाठी हे फार सोयीचं आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग घ्या. मस्कतमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. सकाळी तुम्ही खोलीत शिरता, चार जण बसलेले आहेत. आधी बोलायचं ते आत येणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही. बसलेल्यांनी सुरुवात करावी म्हणून थांबू नका. दारातून दोन पावलं आत या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदाच 'अस्सलामु अलैकुम' म्हणा. प्रत्येकाला वेगळं म्हणायची गरज नाही. कपाळाला हात लावू नका. उजवा हात क्षणभर छातीवर ठेवलात तर छान दिसतं. पुरुषांशी हस्तांदोलन उजव्या हातानं. महिला सहकाऱ्यानं स्वतः हात पुढे केला तरच हात मिळवा, नाहीतर छातीवरचा हात पुरेसा आहे.

मग बहुधा कोणीतरी विचारेल, 'कैफ हालक?', म्हणजे कसे आहात. बाईला विचारताना त्याचं 'हालिक' किंवा आखातात 'हालिच' होतं. उत्तर दोघांचं एकच: 'अल्हम्दुलिल्लाह'. लगेच कामाच्या विषयावर उडी मारू नका. ही विचारपूस दोनतीनदा फिरून येते, ती होऊ द्या.

एखाद्यानं 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह' असं लांब अभिवादन केलं, तर उत्तरही तेवढंच लांब द्यावं: 'व अलैकुमुस्सलाम व रहमतुल्लाह'. मिळालं त्याहून कमी परत करू नये, अशी रीत आहे.

हे अभिवादन मुसलमानांच्या रिवाजातलं आहे, पण बिगरमुस्लिमानं केलं तर ते सहसा आपुलकीनंच घेतलं जातं. सहकारी लेबनॉन किंवा इजिप्तकडचे ख्रिस्ती असतील, तर ते आपसात काय म्हणतात ते आधी ऐका. 'सबाह अल-खैर' हे सकाळचं अभिवादन तिथे कोणालाही चालतं. त्याचं उत्तर 'सबाह अन्-नूर'.

निरोपाचा शब्द 'मअस्सलामा', म्हणजे सुखरूप जा. आपल्याकडे जाणारा 'येतो' म्हणतो आणि राहणारा 'या' म्हणतो, तशी इथेही वाटणी आहे. रूढ पद्धतीप्रमाणे 'मअस्सलामा' राहणारा म्हणतो. म्हणून सहकारी निघाला की ते तुम्ही म्हणा. तुम्ही निघालात आणि त्यानं म्हटलं, तर उत्तर द्या: पुरुषाला 'अल्लाह यसल्लमक', बाईला 'अल्लाह यसल्लमिक'. अभिवादनात न बदलणारा शेवट इथे बदलतो, तेव्हा समोर कोण आहे ते बघून बोला.

मग निघताना आपण स्वतःहून काय म्हणायचं? पुन्हा 'अस्सलामु अलैकुम'. ते येताना चालतं तसं जातानाही चालतं. आखातात 'फी अमानिल्लाह'ही ऐकाल, म्हणजे ईश्वराच्या रक्षणात. रोजच्या बोलण्यात ही वाटणी कडक पाळली जात नाही. फोनवर तर दोन्ही बाजूंनी 'मअस्सलामा' म्हणून बोलणं संपवतात, तिथे उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला तरी चालतो.