'जेवलात का?' आणि 'लव्हली डे': संवादांच्या भाषांतरात या चुका टाळा

दुपारचे तीन. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका ऑफिसच्या जिन्यात दोन सहकारी समोरासमोर येतात.

"काय भाऊ, जेवण झालं का?"
"हाव, झालं. तुमचं?"
"झालं ना."

दोघं आपापल्या वाटेनं जातात. कोणी कोणाला जेवायला बोलावलेलं नाही आणि कोणाच्या पोटाची खरी चौकशीही केलेली नाही. तरी समोरून येणाऱ्या माणसाला काहीच न विचारता पुढे गेलं, तर ते त्याला नक्की खटकलं असतं. संबंध राखण्यासाठीच्या अशा बोलण्याला ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं 1923 मध्ये 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. भाषांतर करणाऱ्याची पहिली घसरगुंडी इथेच असते, कारण शब्द सोपे असतात आणि त्यांच्यापाशी थांबून विचार करावा असं वाटत नाही.

हा संवाद इंग्रजी सबटायटलमध्ये न्यायचा आहे असं धरू. 'हॅव यू ईटन?' असं लिहिलं की लंडनच्या प्रेक्षकाला वाटतं, आता हा जेवायला नेणार. इंग्रजीत हा प्रश्न बहुतेक वेळा पुढच्या आमंत्रणाची तयारी म्हणून येतो. आमंत्रण येत नाही आणि माणसं जिना उतरून जातात, तेव्हा तो प्रेक्षक काहीतरी हुकलं म्हणून शोधत बसतो. इथे 'हाउज इट गोइंग?' बरोबर.

मात्र खरी चूक याच्या पुढच्या ओळीत होते, आणि ती अनुभवी माणसांकडूनही होते. प्रश्न बदलला जातो, उत्तर तसंच राहतं. 'हाउज इट गोइंग?' याला 'येस, डन. युअर्स?' असं उत्तर छापलं जातं आणि एका संवादाऐवजी तीन वेगळ्या संवादांतली वाक्यं एकाखाली एक लावल्यासारखी दिसतात. कुशलप्रश्न आणि त्याचं उत्तर ही जोडी असते. एक हललं की दुसरं हलवावंच लागतं: 'हाउज इट गोइंग?', 'नॉट बॅड. यू?', 'कान्ट कम्प्लेन.'

म्हणून प्रश्नाला हात लावण्याआधी पुढच्या दहाबारा ओळी वाचा. जेवणाचा उल्लेख परत कुठे आलाय का, एवढंच पाहायचं. वरच्याच संवादात दुसरा माणूस म्हणाला असता, "कुठलं काय, डबाच घरी राहिला", तर प्रश्न बदलायची मुभा संपली. मग जेवण ठेवायचं, पण आमंत्रणाचा वास काढून: 'हॅड युवर लंच यट?' सबटायटलमध्ये जागेचंही बघावं लागतं. सेकंदाला साधारण 17 अक्षरचिन्हं वाचली जातात असं धरलं, तर दीड सेकंदाच्या ओळीत पंचविसेक बसतात. रोमन लिपीत हे वाक्य रिकाम्या जागा धरून 19 चिन्हांचं आहे. 'हॅव यू हॅड युवर लंच यट?' मात्र 28 चं होतं, म्हणजे बसत नाही.

तेच वाक्य घराच्या दारात उच्चारलं की त्याची जात बदलते. धरमपेठेतल्या काकू दुपारी दोनला दारात आलेल्या पोराला विचारतात, "ये बाबू, जेवला का?" इथे "नाही" म्हटलं तर ताट वाढलं जाणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. हे खरं आमंत्रण आहे, तेव्हा इंग्रजीतही ते जेवणाचंच राहू द्या. ओळखायची खूण साधी आहे: समोरचा "नाही" म्हणाला तर विचारणाऱ्याला काही करावं लागेल का? लागणार असेल तर अर्थ जपा. नसेल तर नुसतं संबंध राखायचं काम जपा.

चिनी संवाद मराठीत आणताना उलटी गंमत होते. 'खाल्लं का?' हे तिकडचंही जुनं, ओळखीचं अभिवादन, त्यामुळे शब्दशः भाषांतर बिनबोभाट चालून जाईल असं वाटतं. पण 'जेवण' म्हणजे मराठीत दुपारचं किंवा रात्रीचं. सकाळी नऊच्या प्रसंगात "जेवलात का?" कानाला खुपतं, तिथे "नाश्ता झाला का?" आणि संध्याकाळी पाचला "चहा झाला का?" प्रसंगाची वेळ पाहूनच शब्द निवडा.

आता हवामान. 'लव्हली डे, इझन्ट इट?' याचं "सुंदर दिवस आहे, नाही का?" असं मराठी छापलेलं सर्रास दिसतं. असं कोणी मराठी माणूस बोलत नाही, हा झाला एक दोष. दुसरा दोष खोल आहे. मूळ वाक्यातला छान दिवस म्हणजे ऊन पडलेला दिवस. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, माणसं दुपट्टा गुंडाळून बाहेर पडतात आणि ढग दाटून आले की म्हणतात, "आज वातावरण मस्त झालं." इथल्या वाचकाला नुसतं "छान ऊन आहे" दिलं तर त्याला ते कळतं, पण पटत नाही.

यावर उपाय म्हणून काहीजण लंडनच्या बसथांब्यावरच्या दोन अनोळखी म्हाताऱ्यांच्या तोंडी "जेवण झालं का?" घालतात. हे करू नका. जेवणाची विचारपूस ओळखीत होते. हवामानाचं बोलणं अनोळखी माणसाशी सुरुवात करायला असतं. मराठीत अनोळखी माणसाशी बोलणं "कुठपर्यंत जायचंय?" किंवा "कुठलं गाव तुमचं?" असं सुरू होतं, पण लंडनच्या थांब्यावर तेही आगाऊ वाटेल. तेव्हा हवामानच ठेवा आणि ऊन का सुखावतंय ते उत्तरातून येऊ द्या: "बरं ऊन पडलंय आज." "हो ना, किती दिवसांनी!" 'इझन्ट इट' हा खरा प्रश्न नसून होकार मागणं आहे, त्यामुळे "नाही का?" गळालं तरी काही बिघडत नाही. मात्र उत्तरात होकार हवाच. मूळ संवादात कोणी "मला नाही तसं वाटत" म्हणत असेल, तर तो मुद्दाम तुटकपणे वागतोय; तिथलं खरखरीतपण मऊ करू नका.

ब्रिटिश 'यू ऑलराइट?' याचं "तू ठीक आहेस ना?" केलं की समोरचा आजारी वाटतो. "काय, कसं काय?" पुरतं.

समोरासमोर दुभाषी म्हणून बसलात तर नियम कडक होतो. कळमन्यातला संत्र्याचा व्यापारी पाहुण्याला "जेवण झालं का?" विचारतो, तेव्हा तुम्ही त्याचं 'हाऊ आर यू?' करू शकत नाही, कारण तो माणूस खरोखर जेवायला घालू शकतो. प्रश्न तसाच सांगा. पाहुणा एकदाच 'नो, थँक यू, आय अ‍ॅम फाइन' म्हणतो आणि त्याच्यापुरता विषय संपतो. इकडे पहिला नकार भिडेचा समजतात, म्हणून यजमान "थोडंसं तरी" म्हणत आग्रह चालू ठेवतो. नुसतं "नको" सांगितलंत तर हे तीनदा घडेल आणि पाहुणा अवघडेल. "नको, खरंच नको" म्हणा. 'खरंच' हा शब्द मूळ वाक्यात नाही, पण त्या नकाराचा पक्केपणा आहे, आणि तो मराठीत याच शब्दानं कळतो. "पोट भरलंय" किंवा "आत्ताच जेवून आलेत" असं मात्र स्वतःच्या मनानं जोडू नका. पाहुणा तासाभरानं भूक लागली म्हणाला, तर खोटा तो ठरेल.