सोसायटीच्या वृक्षारोपणासाठी घोषवाक्य कसे लिहावे: 'आपण', 'आम्ही' आणि 'लावा'

घोषवाक्य लिहायला बसण्याआधी एक यादी करा: कोणते रोप, कुठे आणि कोणाकडे. समजा बारा रोपे आहेत, चार मजली तीन विंग आहेत. म्हणजे प्रत्येक मजल्याच्या वाट्याला एक रोप येते. ही वाटणी झालेली नसेल तर कितीही सुंदर ओळ लिहिली तरी 'सगळ्यांचे' झाड कोणाचेच राहत नाही.

आता क्रियापद बघा. 'झाडे लावा, झाडे जगवा' ही ओळ सगळ्यांना पाठ आहे, पण ती आज्ञा आहे. कार्यकारिणीच्या सहीने फलकावर लागली की ती सूचना वाटते आणि वाचणारा मनात म्हणतो, 'लावा की तुम्हीच.' 'लावा'चे 'लावूया' केले की बोलणारा आणि ऐकणारा एका बाजूला येतात. लागवडीच्या दिवसासाठी हे चालेल:

आपलं रोप लावूया, उन्हाळ्यातही जगवूया

'उन्हाळ्यातही' हा शब्द मुद्दाम घातला आहे. पावसाळ्यात लावलेले रोप पाऊस थांबल्यावर पाण्यावाचून सुकते, आणि तोवर लागवडीच्या दिवसाचा उत्साहही ओसरलेला असतो. ओळीत त्या दिवसांचा उल्लेख हवाच.

सर्वनामाकडे जास्त लक्ष द्या. मराठीत 'आपण' म्हटले की समोरचा त्यात येतो, 'आम्ही' म्हटले की तो बाहेर राहतो. म्हणून 'आम्ही लावली बारा झाडे' ही ओळ कार्यकारिणीने कधीच लिहू नये, कारण रहिवासी तिथे प्रेक्षक होतो. पण तोच 'आम्ही' मजल्याच्या तोंडी द्या आणि बघा:

हा करंज तिसऱ्या मजल्याचा. रविवारची बादली आमची!

इथे 'आमची' म्हणजे हक्क. शिवाय झाडाचे नाव, वार आणि काम तिन्ही आले. ही ओळ यमकात नाही, तरी मला पहिलीपेक्षा तीच जास्त आवडते.

म्हणून मोठ्या फलकावर 'आपण'ची एक ओळ ठेवा आणि रोपांजवळच्या बारा पाट्या त्या त्या मजल्याला लिहू द्या. 'हा ... आमचा, ...वारी पाणी आमचं' एवढा साचा पुरे. शब्द ओबडधोबड आले तरी सुधारू नका. अक्षर लहान मुलाचे असेल तर उत्तमच. कार्यकारिणीने पाहायचे ते इतकेच की पाटीवर वार आहे की नाही. पाटी वेगळ्या काठीला लावा, खोडाला खिळा ठोकू नका.

एखादे रोप मरेल. तेव्हा पाटी गुपचूप काढू नका, त्याच मजल्याला नवे रोप द्या आणि पाटी तीच ठेवा.

घोषवाक्य लागू पडले का, हे पुढच्या सभेत कळते. कोणी सचिवांना 'तुमची झाडे सुकली' म्हणाले, तर मजल्यांना पाट्या पुन्हा लिहायला द्या. 'आमच्या करंजाला कीड लागली आहे, काय करू?' असे कोणी विचारले, तर पाटीला हात लावू नका, करंज बघायला जा.