नोकरी गेली, आता आधी कुठलं बिल भरायचं?

माझी नोकरी दोनदा गेली. पहिल्यांदा भोसरीत कंपनीने लाईनच बंद केली तेव्हा, आणि मग चाकणला. त्यानंतर भावाचं, मेव्हण्याचं, दोन मित्रांचं असं बसून वहीत मांडून दिलंय, त्यामुळे "बाहेरचा चहा बंद करा" टाईप सल्ले वाचले की डोकं फिरतं. चहाने घर बुडत नाही हो, चुकीचं बिल आधी भरल्याने बुडतं.

सुरुवातीचं पटकन उरकू. हातात किती आहे ते लिहा, फक्त बँकेतलं आणि एफडी. कंपनीकडून यायचा हिशोब, रजेचे पैसे वगैरे खात्यात पडेपर्यंत शून्य धरायचे, मला एकदा चार महिने थांबवलं होतं. मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढून महिन्याचा खरा खर्च लिहा. घरात सगळ्यांना सांगा, आईवडिलांना पण, लपवलं तर खर्च कमी होतच नाही.

मित्राचंच उदाहरण घेऊ. पगार ६२ हजार, खात्यात ४८ हजार आणि एफडी २ लाख २० हजार, म्हणजे २ लाख ६८ हजार. खर्च महिना ५८ हजार: घराचा हप्ता १९,५००, पर्सनल लोन ५,८००, किराणा-दूध-भाजी-गॅस १३ हजार, शाळा आणि व्हॅन ५,५००, लाईटबिल-मोबाईल-नेट ३,२००, पेट्रोल ३ हजार, मेंटेनन्स २ हजार, एसआयपी ४ हजार, वरखर्च २ हजार. असंच चालू ठेवलं तर साडेचार महिने.

कपात एका संध्याकाळी होते. एसआयपी थांबवली, वरखर्च शून्य, पेट्रोल १ हजारावर, व्हॅन बंद करून पोराला स्वतः सोडायला सुरुवात (दीड हजार वाचले आणि पोरगं खूश), किराणा यादीप्रमाणे एकदाच भरून १० हजारात, नेट-मोबाईलचे प्लॅन उतरवून १ हजार कमी. झाले ४४,५००.

आता खरी अडचण, बिलांचा क्रम. इथे मी पहिल्या वेळी सपशेल आपटलो. जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे द्यायचो. क्रेडिट कार्डवाल्यांचा पोरगा सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, लाज वाटायची, म्हणून हातातले ३८ हजार एका झटक्यात कार्डाला भरले. आरोग्य विमा कोणी फोन करून मागत नाही, म्हणून तो राहिला. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीच्या शेवटच्या दिवसाबरोबरच संपला होता हे डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या महिन्यात बायकोच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन, ८६ हजार खिशातून. दवाखान्याच्या काउंटरवर उभा राहून एफडी मोडली, मोबाईलवर, हात थरथरत होते.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. प्रत्येक बिलासमोर लिहायचं की नाही भरलं तर काय जाईल आणि ते परत मिळवता येईल का. कोण किती ओरडतो हा रकानाच नाही.

यात पहिला नंबर आरोग्य विम्याचा. शेवटच्या दिवसाच्या आत एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येते का. नवीन पॉलिसी घेतली तर अपघात सोडून पहिले ३० दिवस सहसा काही मिळत नाही आणि जुन्या आजारांना तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं, म्हणून उशीर नको. मित्राने १८ हजार एकरकमी भरले.

मग घरचं धान्य, गॅस, औषधं, आणि लाईट. वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे आठवडाभर उशिराने आभाळ कोसळत नाही, पण तुटलेलं कनेक्शन जोडायला वर पैसे लागतात.

मग घराचा हप्ता, आणि इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे हप्ता बाउन्स झाल्यावर बँकेत जाणं. आधी जा. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत कर्ज होतं, आणि तिथून पुढे घरावर जप्तीची नोटीस येऊ शकते. बाउन्स झालेल्या हप्त्याचे चार्जेस दोन्हीकडून लागतात, आणि ऑटो-डेबिट बाउन्स करण्याला चेक बाउन्ससारखंच कलम लागू शकतं, त्यामुळे "बघू पुढच्या महिन्यात" करू नका. हप्ता थकलेला नसताना लेखी अर्ज द्या, नोकरी गेल्याचं पत्र जोडा, मुदत वाढवून मागा. बँक नाही म्हणू शकते, बंधन नाही तिच्यावर. मित्राच्या कर्जाची मुदत पाच वर्षांनी वाढली आणि हप्ता १९,५०० वरून १६ हजारावर आला. एकूण व्याज जास्त जाणार हे माहितीये, पण आत्ता महिने विकत घ्यायचेत.

कार्ड आणि पर्सनल लोन याच्यानंतर. बुडवा म्हणत नाहीये, क्रेडिट स्कोअर पडतो आणि पुढे घोळ होतो. पण घर थेट जात नाही. कार्ड वापरणं बंद, कारण पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवर पण पहिल्या दिवसापासून व्याज, साधारण महिन्याला तीन-साडेतीन टक्के. मिनिमम ड्यू भरत राहणं हा सगळ्यात महाग मूर्खपणा, त्यापेक्षा बाकी रकमेचे हप्ते करून घ्या. आणि वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हे त्यांना शांतपणे सांगायचं.

मित्राचा हिशोब आता: २ लाख ६८ मधून विमा गेला, राहिले अडीच लाख. महिना ४१ हजार. सहा महिने.

पैसे पुरवायचे कसे, तर स्वतःला पगार द्यायचा. बचत एका खात्यात, घरखर्चाचं खातं वेगळं, १ तारखेला ठरलेली रक्कमच तिकडे. ज्या बँकेचं कर्ज आहे तिथे सगळी बचत ठेवू नका, थकबाकी झाली तर ती बँक तुमच्या खात्यातून वळती करून घेऊ शकते. मोठी एफडी एकच असेल तर अर्धवट मोडता येते का विचारा, नाहीतर पूर्ण मोडून महिन्या-महिन्याच्या छोट्या करा, व्याजात थोडा फटका बसतो, बसू दे.

कंपनीचा हिशोब आला की लगेच टीव्ही बदलायचा नाही, मित्राला ६२ हजार आले ते दीड महिना म्हणून वहीत चढवले.

फ्रिजवर एकच आकडा लावा, किती महिने उरले. तो ३ वर आला की पुढचं दार उघडायचं, ० वर नाही. माझ्या मते आधी सोनेतारण, मग पीएफ (किती आणि कधी काढता येतो ते अर्ज करतानाच पोर्टलवर बघा, नियम बदलतात), आणि नवीन पर्सनल लोन कधीच नाही, पगाराची स्लिप नसताना जे देतात त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. बायकोच्या बांगड्या तारण ठेवताना मला फार लागलं होतं, तीच म्हणाली, "लॉकरमध्ये काय उजेड पाडत होत्या?" नोकरी लागल्यावर अकराव्या महिन्यात सोडवून आणल्या.