मॅनेजरने रजा नाकारली, तर वरती कसं लिहायचं

परदेशात नोकरीला लागल्यावर पहिली लांब रजा बहुधा घरच्या लग्नाकार्यासाठीच मागितली जाते, आणि नेमकी तीच नाकारली जाते. अशा वेळी नवीन माणूस दोनपैकी एक चूक करतो: गप्प बसतो, नाहीतर रागाच्या भरात थेट मोठ्या साहेबांना मेल ठोकतो.

आधी नकाराचं कारण लेखी घ्या. तोंडी 'जमणार नाही' ऐकलं असेल, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे माझी रजा मंजूर होत नाही, असं मी समजतो. कारण कळवाल का, म्हणजे मला तारखा बदलून पाहता येतील.' कारण कळल्याशिवाय वरती मांडायला तुमच्या हातात काहीच नसतं.

मग कंपनीच्या हँडबुकातलं रजेचं पान उघडा. किती दिवस आधी अर्ज करायचा, सलग किती दिवस मिळतात आणि त्याहून जास्त हवे असतील तर मंजुरी कोणाची, एवढं शोधा. हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. पुष्कळदा मोठी रजा मंजूर करायचा अधिकार मॅनेजरकडे नसतोच, तो विभागप्रमुखाकडे असतो. तसं असेल तर तुमचा मेल तक्रार ठरत नाही. ज्याचा निर्णय आहे त्याच्याकडे तो पोचतो, इतकंच. एचआर नियम काय ते सांगतं, पण कामाच्या सोयीचा निर्णय सहसा ते फिरवत नाहीत. म्हणून पहिला मेल तिकडे नको.

एक उदाहरण घेऊ. भावाचं लग्न 20 नोव्हेंबरला. 4 ऑगस्टला 3 ते 21 नोव्हेंबर अशी कामाच्या 15 दिवसांची रजा मागितली, शिल्लक 18 दिवस. 11 ऑगस्टला नकार आला: 10 ते 14 तारखेला टीममधला दुसरा माणूस आधीच रजेवर आहे. इथे लगेच वर जायचं नाही. 17 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर असा बदल मॅनेजरलाच सुचवायचा. लग्नही साधतं आणि अडचणीचा आठवडाही टळतो. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पण समजा उत्तर आलं, 'सलग तीन आठवडे देता येत नाहीत', आणि हँडबुक म्हणतं की 10 दिवसांवरच्या रजेला विभागप्रमुखाची मंजुरी लागते. आता वर जायची वेळ झाली.

मेल पाठवण्याआधी मॅनेजरला तोंडी सांगा: 'नियमाप्रमाणे हे विभागप्रमुखांकडे पाठवतो, तुम्हाला सीसीमध्ये ठेवतो.' बीसीसीचा खेळ करू नका. वरिष्ठांनी सहज विषय काढला की मॅनेजरला कळतंच, आणि मग रजेपेक्षा लपवाछपवीचीच चर्चा होते. मजकूर ऑफिसच्या भाषेत, पण साधारण असा:

'विषय: 17 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर रजेचा फेरविचार. मी 4 ऑगस्टला रजेसाठी अर्ज केला. टीममधल्या रजेमुळे तो 11 ऑगस्टला नाकारला गेला, म्हणून मी वरील तारखा सुचवल्या. सलग 15 दिवस देता येत नाहीत, असं मला कळवण्यात आलं. हँडबुकानुसार 10 दिवसांपेक्षा जास्त रजेला तुमची मंजुरी लागते. 20 नोव्हेंबरला भावाचं लग्न आहे आणि प्रवास लांबचा आहे. माझं महिनाअखेरचं काम सांभाळायला एक सहकारी तयार आहे. त्या कामाच्या लेखी सूचना मी 14 नोव्हेंबरपर्यंत त्या सहकाऱ्याला देईन. पूर्ण रजा शक्य नसेल तर 17 ते 28 नोव्हेंबर चालेल. तिकिटं काढायची असल्यामुळे 29 ऑगस्टपर्यंत निर्णय कळल्यास मदत होईल.'

यात 'अन्याय', 'नेहमी', 'मुद्दाम' यांतला एकही शब्द नाही, आणि 'त्याला मिळाली, मला का नाही' हेही नाही. तुलना केली की वरिष्ठ त्या दुसऱ्या माणसाची बाजू सांगत बसतात. 'प्लीज ॲडजस्ट करा' छापाची विनवणीही टाळा. नेमकं काय हवंय ते त्यातून कळत नाही. शेवटचा 10 दिवसांचा पर्याय महत्त्वाचा, कारण वरिष्ठांना मॅनेजरचा शब्द न मोडता काहीतरी देता येतं. 'तिथून ऑनलाइन काम करेन' हे मात्र विचारल्याशिवाय लिहू नका. दुसऱ्या देशातून काम केलं की कर आणि व्हिसाचे प्रश्न उभे राहू शकतात, म्हणून अनेक कंपन्या ते चालू देत नाहीत.

निर्णयाआधी तिकीट काढू नका. काढून ठेवून 'आता पैसे बुडतील' म्हटलं, तर तो दबाव वाटतो. चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं, तर त्याच मेलच्या साखळीत एकदाच, एका ओळीत आठवण करा.

तिथूनही नकार आला, तर 'कोणत्या तारखा चालतील?' एवढंच विचारा. नाकारलेल्या तारखांना आजारपणाची रजा टाकणं हा सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. तो आधीचा मेल फाईलमध्ये असतोच, आणि त्यावरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. ज्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, त्यांची नोकरी गेली तर राहण्याचा परवानाही धोक्यात येतो.