रात्रपाळीतला ताप: हँडओव्हर लिहायला बसण्याआधीची तयारी

नोट लिहायला सकाळी साडेसहाला तरी बसा. पावणेआठला बसलात तर शेवटचं तापमान आणि शेवटचा डोस आठवणीतून लिहिला जातो, आणि चुका नेमक्या या दोन नोंदींतच होतात. समोर तीन गोष्टी हव्यात: तापमानाचा चार्ट, औषधांचा चार्ट, आणि इनटेक-आउटपुटची शीट. शिवाय मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. औषधांच्या चार्टवर काल संध्याकाळचा डोस एका तारखेखाली असतो आणि रात्री बाराच्या पुढचा दुसऱ्या तारखेखाली. त्यामुळे दोन्ही रकाने उघडे ठेवूनच सुरुवात करा.

सगळ्यात आधी रात्रीची तापमानं वेळेच्या क्रमाने एका ओळीत उतरवून घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी ते कुठे मोजलं तेही लिहा. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटने कमी येतं. संध्याकाळी तोंडात मोजलं आणि पहाटे रुग्ण झोपलाय म्हणून काखेत, तर ताप न उतरताच चार्टवर उतरलेला दिसतो. काखेतल्या आकड्यात मनाने एक अंश मिळवून लिहू नका. आला तोच आकडा लिहा आणि पुढे ‘काख’ लिहा. रुग्णाने नुकताच चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर तोंडातलं तापमान पंधरा-वीस मिनिटं थांबून घ्यावं. एखादा थर्मामीटर सेल्सिअसवर असेल तर बदलून लिहा, कारण एकाच ओळीत 38.5 आणि 101.3 दिसले की घाईत वाचणाऱ्याला ती दोन वेगळी तापमानं वाटतात.

आता त्याच ओळीत औषधं बसवा. नुसता तापाचा आलेख अर्धवट असतो. दोनला 99.8 होता हे वाचून दिवसपाळीला काहीच ठरवता येत नाही. तो पॅरासिटामॉलनंतर जवळपास दोन तासांनी 99.8 होता, हे कळलं तर ठरवता येतं.

एक रात्र घेऊन पाहू. मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी दाखल, वजन 60 किलो, यकृताचा त्रास नाही. पाळी सुरू होण्याआधी 18:00 ला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम तोंडाने दिलेलं. 22:00 ला तोंडात 101.2. अँटिबायोटिक, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम 4.5 ग्रॅम, 22:10 ला सुरू होऊन 22:40 ला संपलं. 23:40 ला हुडहुडी भरली तेव्हा ताप 101.8 होता. 00:00 ला तो 102.8 झाला. 00:10 ला पॅरासिटामॉल 1 ग्रॅम शिरेतून, 15 मिनिटांत. 01:10 ला 101.4, 02:00 ला 99.8, 04:00 ला काखेत 98.2, आणि 06:00 ला पुन्हा तोंडात 101.6. 06:20 ला पॅरासिटामॉलचा पुढचा ग्रॅम.

या ओळीतून नोटमध्ये काय न्यायचं? 04:00 चा 98.2 वाचून ‘ताप उतरला’ असं लिहिण्याचा मोह होतो. तो आकडा काखेतला आहे, औषधाचा असर अजून टिकून आहे, आणि निरोगी माणसाचंही तापमान पहाटेच सर्वांत खाली असतं. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ओढतात. खरी बातमी 06:00 च्या आकड्यात आहे: औषधाचा असर ओसरताच ताप परत आला, म्हणजे संसर्ग अजून आटोक्यात नाही. नोटमध्ये म्हणून असं लिहा: ‘पॅरासिटामॉलने उतरतो, सहा तासांच्या आत पुन्हा 101 च्या वर जातो.’ ‘ताप चढउतार, रुग्ण ठीक’ ही ओळ आपल्याकडे फार चालते आणि तिचा उपयोग कोणालाच होत नाही.

हुडहुडीची वेळ वेगळी लिहा. थंडी वाजत असताना ताप अजून चढतच असतो, म्हणून त्या क्षणाचा आकडा खरा उच्चांक नसतो. वीस-तीस मिनिटांनी पुन्हा मोजावं लागतं. त्या वेळी स्पंजिंग केलं असेल तर तेही लिहा, जरी करायला नको होतं तरी. त्याने काकडणं वाढतं आणि पुढचं तापमान का चढलं ते कळत नाही. डॉक्टरांना किती वाजता कळवलं, ते किती वाजता आले, ब्लड कल्चर घेतलं का, किती ठिकाणांहून, आणि अँटिबायोटिकचा पुढचा डोस जाण्याआधी घेतलं की नंतर, हे एका वाक्यात बसतं. कल्चर डोसनंतर घेतलं असेल तर अहवाल वाचताना ते माहीत असावं लागतं.

पॅरासिटामॉलची बेरीज मागच्या 24 तासांची करा, आपल्या पाळीपुरती नव्हे. वरच्या रुग्णाला आदल्या सकाळपासून 18:00 च्या आधी एकही डोस नव्हता, म्हणून सकाळी आठपर्यंत एकूण 3 ग्रॅम होतात. अशा रुग्णाची 24 तासांची मर्यादा 4 ग्रॅम. ऑर्डर सहा तासांच्या अंतराची असेल तर पुढचा डोस 12:20 च्या आधी नाही, आणि तो 12:20 ला दिल्यावर 18:20 पर्यंत आणखी नाही. ही दोन वाक्यं नोटमध्ये जशीच्या तशी हवीत, नाहीतर दुपारी ताप चढला की ‘गरज पडल्यास’ या रकान्यातून पाचवा ग्रॅम सहज जातो. सर्दीच्या किंवा वेदनेच्या एखाद्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल आहे का, तेही चार्टवर पाहा. वजन 50 किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृत बिघडलेलं असेल तर मर्यादा खाली येते. तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेला आकडा घ्या.

अँटिबायोटिकची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष वेळ वेगळी असेल तर दोन्ही लिहा, कारणासकट. या रात्री 06:00 चा डोस 06:45 ला लागला, कारण उजव्या हाताचा कॅन्युला सुजला होता आणि डाव्या हाताला नवीन टाकावा लागला. पुढचा डोस 14:00 लाच द्यायचा का, हे डॉक्टरांना विचारून उत्तर नोंदवा. डोस चुकला असेल तर रकाना कोरा ठेवू नका. कोरा रकाना पाहून कोणी दिला नाही असं समजतं, कोणी लिहायचं राहिलं असं, आणि दुसऱ्या समजात औषध बुडतं.

ताप खाली असताना नाडी कुठे होती ते शेवटी तपासा. तापाबरोबर नाडी चढते आणि तापाबरोबरच उतरायला हवी. इथे 102.8 ला 118 होती, 04:00 ला 86, श्वास 22 वरून 18, रक्तदाब 112/70, आणि रात्री आठ ते सकाळी सहा लघवी 480 मिली. हे धीर देणारं चित्र आहे. ताप 99 वर आणि नाडी तरीही 115, श्वास वाढलेला, वरचा रक्तदाब 100 च्या आसपास, लघवी तासाला 30 मिलीपेक्षा कमी किंवा रुग्ण गोंधळलेला, असं असेल तर ते हँडओव्हरसाठी राखून ठेवू नका. डॉक्टरांना तेव्हाच बोलवा आणि नोटची पहिली ओळ तीच करा.

मग नोट खाटेजवळ उभं राहून वाचा. येणाऱ्या सिस्टरला नवीन कॅन्युलाची जागा दाखवा, औषधांचा चार्ट दोघींनी मिळून पाहा आणि पुढचं तापमान किती वाजता घ्यायचं ते सांगा. इथे पॅरासिटामॉल 06:20 ला दिलंय, म्हणून एक तासाने 07:20 ला तुम्हीच घ्या आणि सही करण्याआधी तो आकडा नोटमध्ये भरा.